नाव, जागा आणि आवृत्ती : सामायिक त्रिमित संग्रहाच्या शिरस्त्याचा आढावा

एखाद्या ॲनिमेशन स्टुडिओत एकदा घडवलेली खुर्ची, कंदील, वृक्ष अथवा मनुष्याकृती पुढच्या प्रत्येक कामात नव्याने घडवावी लागू नये, म्हणून त्रिमित ॲसेटांचा जो सामायिक संग्रह ठेवला जातो, त्याच्या व्यवस्थेविषयी तीन प्रश्न सर्वत्र विचारले जातात : वस्तूला नाव काय द्यावे, ती कोणत्या फोल्डरात ठेवावी, आणि तिच्यात फेरफार झाल्यावर जुने रूप कोणते व नवे कोणते हे कशावरून ओळखावे. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या माणसांकडून आणि निरनिराळ्या अडचणींच्या तगाद्याखाली दिली जातात, आणि त्यामुळेच ती एकमेकांशी जुळत नाहीत. वस्तुतः हा प्रश्न एकच आहे. वस्तूविषयी जे जे सांगण्यासारखे असते त्यांपैकी काय कायम राहणार आणि काय बदलणार, ह्याचा निवाडा आधी झाला पाहिजे. जे कायम राहणार तेवढेच नावात आणि जागेत जावे, आणि जे बदलणार त्याची नोंद नावाबाहेर व्हावी, हे एक तत्त्व पत्करले की उरलेले बहुतेक नियम त्यातूनच निघतात. आज रूढ असलेल्या पद्धती ह्या कसोटीला कितपत उतरतात ते पाहावे, आणि तसे पाहताना एका साध्या वस्तूचा, म्हणजे वाड्याच्या अंगणातील एका तुळशीवृंदावनाचा, संग्रहातील प्रवास डोळ्यांसमोर ठेवावा, असा ह्या लेखाचा बेत आहे.

१. नाव हा पत्ता आहे

संग्रहातील वस्तू आपल्या दृश्यात आणण्याचे मार्ग दोन. पहिला नकलेचा : वस्तू उचलून दृश्याच्या फाइलीत उतरवून घ्यायची, की मूळ वस्तूशी तिचा संबंध संपला. दुसरा लिंकचा : वस्तू संग्रहातच राहते, आणि दृश्याच्या फाइलीत तिचा केवळ पत्ता लिहिला जातो. सामायिक संग्रहाचा खरा लाभ दुसऱ्या मार्गातच आहे, कारण वृंदावनाचा रंग संग्रहात एकदा सुधारला की चाळीस शॉटांतला रंग सुधारतो. परंतु हा पत्ता कशाचा बनलेला असतो हे नीट पाहिले पाहिजे. ब्लेंडरमध्ये तो दोन भागांचा असतो : फाइलीचा मार्ग, आणि त्या फाइलीच्या आत असलेल्या कलेक्शनचे नाव. म्हणजे `//../../lib/prop/vrundavan_a/publish/v002/vrundavan_a.blend` हे घर, आणि `pr_vrundavan_a` हे घरातल्या माणसाचे नाव. घर हलवले तरी पत्ता चुकतो, आणि माणसाचे नाव बदलले तरी चुकतो. बाहेरच्या फाइलीच्या नावाबद्दल काळजी घेणारे अनेक जण आतल्या नावाबद्दल बेफिकीर असतात, आणि निम्मे तंटे तेथूनच उद्भवतात.

फाइल किंवा कलेक्शन सापडले नाही तर ब्लेंडर त्या जागी रिकामी खूण ठेवून तक्रार नोंदवतो. हा बिघाड निदान ओरडून सांगतो. दुसऱ्या प्रकारचा बिघाड मात्र मुका असतो. रिगमधील एखाद्या हाडाला दिलेली हालचाल दृश्याच्या फाइलीत ज्या रूपाने साठवली जाते ते पुढीलप्रमाणे असते :

```
pose.bones["hand.L"].location
```

येथे हाडाचे नाव अक्षरशः मजकुरात लिहिलेले आहे. रिग करणाऱ्याने पुढे कधी संग्रहातील मूळ फाइल उघडून `hand.L` चे `wrist.L` केले, तर त्याच्या स्वतःच्या फाइलीत ब्लेंडर सर्व संबंधित हालचालींतील नाव आपण होऊन दुरुस्त करतो, आणि म्हणून त्या माणसाला काही बिघडल्याचा सुगावादेखील लागत नाही; ज्या दृश्यांच्या फाइली त्या वेळी उघड्या नव्हत्या त्यांत मात्र जुनेच नाव राहते, तेथला वक्र लाल अधोरेषेने चिन्हांकित होतो, आणि पात्राचा हात जागच्या जागी थिजून बसतो. नाव बदलणाऱ्याला बिघाड दिसत नाही आणि ज्याला दिसतो त्याने नाव बदललेले नसते, हे ह्या संपूर्ण विषयाचे मर्म आहे. संग्रहातील नावांचे नियम कडक असावे लागतात ते ह्याच कारणाने.

सगळ्या साधनांनी पत्त्याची व्यवस्था एकाच रीतीने केलेली नाही. माया, तसेच पिक्सारने २०१६ साली खुला केलेला युएसडी, हे दोन्ही ब्लेंडरप्रमाणेच मार्ग आणि नाव ह्यांवर विसंबतात. अनरियलमध्ये संपादकाच्या आतूनच वस्तू हलवली तर जुन्या जागी पुढचा पत्ता सांगणारी एक खूण मागे राहते. टपाल खाते पत्र नव्या घरी पाठवते त्यातलाच हा प्रकार. युनिटीने त्याच्याही पुढे जाऊन प्रत्येक वस्तूला एक अर्थहीन, कायमचा ओळखक्रमांक दिला आहे. तो शेजारच्या `.meta` फाइलीत असतो, आणि ती सोबत ठेवली तर नाव बदलले, फोल्डर बदलले, तरी संबंध तुटत नाही. परंतु ती `.meta` फाइल सहकाऱ्यांना पाठवायची राहून गेली की प्रत्येकाच्या यंत्रावर नवा क्रमांक तयार होतो आणि सारे संबंध एकदम विस्कटतात. सारांश, पत्ता कशाचाही करा, त्यातला कोणता तरी एक भाग अचल ठेवण्याची जबाबदारी माणसाच्या माथ्यावरून उतरत नाही.

२. नाव कसे असावे

नावात काय घालावे ह्यापेक्षा काय घालू नये हे अधिक निश्चितपणे सांगता येते. करणाऱ्याचे नाव घालू नये, कारण वस्तू हातोहात फिरते. `final`, `new`, `ok` असे शब्द घालू नयेत, कारण ते त्या दिवसाच्या मनःस्थितीचे वर्णन करतात, वस्तूचे नव्हे. प्रकल्पाचे नाव सामायिक संग्रहातील वस्तूस देऊ नये, कारण दुसऱ्या प्रकल्पात ती वापरता यावी म्हणूनच तर ती संग्रहात आली. उरते ते एवढेच : वस्तूची जात, वस्तूचे नाव आणि तिच्या जातीतील भेद. `pr_vrundavan_a` ह्यात `pr` ही जात, `vrundavan` ही संज्ञा, आणि `a` हे त्या संज्ञेच्या पहिल्या स्वतंत्र घडणीचे अक्षर.

जातीचा निर्देश करणारी उपसर्गाक्षरे दोन परंपरांतून आली आहेत. ॲमस्टरडॅम येथील ब्लेंडर स्टुडिओ आपल्या चित्रपटांत पात्रांच्या कलेक्शनला `CH-`, वस्तूंना `PR-` आणि आतील आकृतींना `GEO-` असे उपसर्ग लावतो; हा निर्देश वस्तूच्या कथेतील कामावरून केलेला आहे. उलट अनरियलच्या प्रघातात स्थिर आकृतीला `SM_`, टेक्स्चरला `T_`, मटेरियलला `M_` असा निर्देश तांत्रिक प्रकारावरून होतो, कारण तेथे आकृती, टेक्स्चर आणि मटेरियल ह्या प्रत्येकाची वेगळी फाइल असते आणि शोधयादीत सर्व एकत्र दिसतात. ज्याच्या त्याच्या घरी दोन्ही रीती योग्य आहेत. घोटाळा होतो तो दोहोंची सरमिसळ केल्याने.

ब्लेंडर स्टुडिओची आडवी रेघ आपल्याकडच्या अनेकांनी जशीच्या तशी उचलली आहे, आणि ब्लेंडरपुरती ती निर्वेधही आहे. परंतु युएसडीत नावामध्ये आडवी रेघ, टिंब आणि रिकामी जागा चालत नाही, तसेच नावाचा आरंभ अंकाने होत नाही. निर्यात करताना अशा प्रत्येक चिन्हाच्या जागी अधोरेषा येते, आणि दोन प्रणालींत एकाच वस्तूची दोन नावे तयार होतात. म्हणून ज्या संग्रहाला पुढेमागे युएसडीत जावे लागेल त्याने पहिल्या दिवसापासून लहान लिपीतील इंग्रजी अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढ्याच सामग्रीवर भागवावे. लहान लिपीचा आग्रह धरण्याचे कारण वेगळे आहे. विंडोज `Kunda.png` आणि `kunda.png` ह्यांत भेद करत नाही, लिनक्स करतो. कलाकार विंडोजवर बसतो आणि रेंडरची यंत्रे बहुधा लिनक्सवर चालतात. आणि म्हणून दिवसभर पडद्यावर नीट दिसलेले टेक्स्चर रात्री रेंडरमध्ये गुलाबी होऊन बाहेर पडते. कलाकाराच्या यंत्रावर बरोबर आणि फक्त रेंडरमध्ये गुलाबी, असे दिसले की प्रथम अक्षरांची लिपी तपासावी.

येथे मराठी वाचकाला साहजिकच असे वाटेल, की नावे देवनागरीत का असू नयेत. माझ्या मनाला हा प्रश्न अनेक वर्षे टोचत आला आहे, आणि त्याचे उत्तर मी जड अंतःकरणानेच देतो. वृंदावनाच्या तळाशी ज्या पायऱ्या आहेत त्यांचेच उदाहरण घ्या. ‘पायऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या रीतींनी टंकलिहिता येतो : एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसऱ्यात साध्या र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न नावे आहेत. एवढ्याने भागत नाही. ह्या ऱ चे र आणि नुक्ता असे विघटन युनिकोडच्या नियमांत मान्य आहे, आणि मॅकची जुनी फाइलप्रणाली नाव साठवताना ते विघटन स्वतःच करीत असे. मुंबईत विंडोजवर ठेवलेली फाइल दुसऱ्याच्या मॅकवरून परत आली म्हणजे नाव तेच दिसते आणि लिंक मात्र तुटलेली असते. शिवाय देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हास तीन बाइट लागतात, आणि ब्लेंडरच्या चौथ्या मालिकेपर्यंत आतील नावाची मर्यादा ६३ बाइटांची होती. म्हणजे केवळ २१ चिन्हे. युएसडीने मार्च २०२४ च्या आवृत्तीपासून जगातील सर्व लिप्यांना दार उघडले आहे. पण साखळीतील प्रत्येक दुवा तेथे पोहोचल्यावाचून एकट्या युएसडीचा उपयोग नाही. तोवर पत्ता रोमन लिपीत आणि वर्णन देवनागरीत, अशी वाटणी करावी. ब्लेंडरच्या ॲसेट ब्राउझरमध्ये प्रत्येक वस्तूस वर्णन आणि टॅग देता येतात. तेथे ‘तुळशीवृंदावन, दगडी, तीन पायऱ्या, पूर्वेस कोनाडा’ असे मराठीत अवश्य लिहावे, कारण त्या मजकुरावर कोणाचीही लिंक अवलंबून नसते.

मात्र रोमन लिपी स्वीकारली म्हणजे मराठी शब्दांच्या स्पेलिंगचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मी एका स्टुडिओच्या संग्रहाचे काम पाहत असताना प्रत्यक्ष भोगला आहे. तेथे एका मालिकेसाठी वाड्याचे अंगण उभे करायचे होते. मराठी मुलाने घडवलेल्या वृंदावनाला त्याने उच्चाराप्रमाणे `vrundavan` म्हटले. उत्तरेकडून आलेल्या मुलीने शोध घेतला तो `vrindavan` असा, कारण तिच्या तोंडी ऋ चा उच्चार रि असा. तिला काही सापडले नाही, म्हणून तिने दुसरे घडवले. आणि तिसऱ्याने ह्या दोहोंकडे न पाहता `tulsi` नावाचे तिसरे ठेवले. तिन्ही वृंदावने संग्रहात नांदत होती. एकाला दिव्याचा कोनाडा होता, दुसऱ्याला नव्हता, तिसरे दुप्पट उंचीचे होते. आणि एकाच अंगणाच्या दोन प्रसंगांत दोन वेगळी वृंदावने दिसत असल्याचे संकलनाच्या मेजावर प्रथम ध्यानात आले. ह्यावर आम्ही केलेला उपाय अगदी कारकुनी होता, पण तोच टिकला : संज्ञांची एक यादी. तीत वस्तूचे मराठी नाव, मुक्रर केलेले एकच स्पेलिंग आणि त्याखाली लोक जी जी इतर स्पेलिंगे शोधतील ती टॅग म्हणून. नवी संज्ञा यादीत चढल्याशिवाय फोल्डर उघडायचे नाही. `wada` की `vada`, `chul` की `chool`, ह्यांत शुद्ध कोणते हा वाद तेथे गौण आहे. निवड एकदा व्हावी आणि ती लिहून ठेवलेली असावी.

३. फोल्डरांची मांडणी

फोल्डरांचे झाड एका वेळी एकाच बाजूने चिरता येते. वृंदावन ही वस्तू आहे, दगडी आहे, अंगणातली आहे, धार्मिक आहे आणि अमुक मालिकेसाठी केलेली आहे. ह्या पाचही दृष्टींनी तिला कोणी ना कोणी शोधणार, आणि फोल्डर मात्र एकच. जे पाचही दृष्टी फोल्डरांत कोंबू पाहतात त्यांच्या संग्रहात सात-आठ मजल्यांचे मार्ग तयार होतात, आणि विंडोजवरील २६० अक्षरांची जुनी मर्यादा अनेक प्रोग्राम अजून पाळत असल्याने, एके दिवशी एखादी फाइल दिसते पण उघडत नाही. ह्याहून मोठा तोटा असा, की वर्गीकरणाविषयीचे आपले मत बदलते, आणि मत बदलले म्हणून फोल्डर हलवले की प्रत्येक दृश्यातला पत्ता खोटा ठरतो.

म्हणून फोल्डरात एकच, अगदी ढोबळ आणि कोणालाही न बदलावीशी वाटणारी वाटणी असावी : पात्रे, वस्तू, स्थळे. बाकी सारे वर्गीकरण कॅटलॉगकडे सोपवावे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ब्लेंडर ३.० पासून ही सोय आहे : संग्रहाच्या मुळाशी `blender_assets.cats.txt` ही साधी मजकुराची फाइल असते, आणि तीत प्रत्येक वर्गाला एक कायमचा ओळखक्रमांक व एक वाचनीय नाव दिलेले असते. वस्तू त्या क्रमांकाशी बांधलेली असते, म्हणून ‘धार्मिक’ ह्या वर्गाचे नाव उद्या ‘अंगण’ केले, किंवा तो दुसऱ्या वर्गाखाली नेला, तरी एकही लिंक तुटत नाही. मत बदलण्याची मुभा जेथे आहे तेथेच मत ठेवावे. आमच्या वृंदावनाचे फोल्डर शेवटी असे स्थिरावले :

```
lib/prop/vrundavan_a/
    work/
    tex/v001/  tex/v002/
    publish/v001/  publish/v002/  publish/v003/
```

`work` ही घडवणाऱ्याची खोली. तेथे `vrundavan_a_mdl_v014.blend` अशा कच्च्या फाइली असतात आणि तेथे दृश्यातून लिंक करणे निषिद्ध. `publish` ही देण्याघेण्याची ओसरी. तेथील फाइल एकदा ठेवली की तिला कोणी हात लावायचा नाही, आणि हा निर्बंध केवळ शिरस्त्याचा न ठेवता सर्व्हरवर लेखनाची परवानगी काढून घेऊन अमलात आणावा. आवृत्तीचा अंक फोल्डरावर आहे, आतल्या फाइलीचे नाव मात्र प्रत्येक वेळी `vrundavan_a.blend` हेच, आणि तिच्या आतील कलेक्शनही `pr_vrundavan_a` हेच. त्यामुळे आवृत्ती बदलताना पत्त्यातील तीन अंक तेवढे बदलावे लागतात. अंक तीन आकडी ठेवण्याचे कारणही व्यावहारिक आहे : `v1`, `v2`, `v10` अशी नावे अक्षरक्रमाने लावली तर दहावी आवृत्ती दुसरीच्या आधी येते.

४. आवृत्तीच्या तीन पद्धती

आवृत्ती राखण्याच्या आज तीन पद्धती रूढ आहेत. पहिली फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावात अंक वाढवत नेण्याची. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांच्या धंद्यात ती सर्वांत जुनी आणि सर्वांत दूरवर पसरलेली. तिला विशेष साधन लागत नाही, आणि कोणत्याही क्षणी दोन आवृत्त्या शेजारी शेजारी उघडून पाहता येतात. तिचे मोल जागेच्या रूपाने द्यावे लागते.

दुसरी पद्धत नाव कायम ठेवून इतिहास सर्व्हरवर राखण्याची. ब्लेंडर स्टुडिओने ह्यासाठी सबव्हर्जन वापरले; खेळांच्या स्टुडिओंत परफोर्सचे राज्य आहे; आणि लहान गट गिट व त्याच्या जोडीला २०१५ पासून उपलब्ध असलेली एलएफएस वापरतात. येथे नावात अंक नसतो, कोणी केव्हा काय बदलले हे नोंदीवरून कळते, आणि सगळ्यांना नेहमी ताजे रूप मिळते. परंतु ह्या साधनांचा जन्म प्रोग्रामच्या मजकुरासाठी झाला. मजकुरात दोघांनी केलेले दोन बदल एकत्र करता येतात. त्रिमित फाइलीत ते येत नाहीत, आणि ज्याने नंतर जमा केले त्याच्यापुढे स्वतःचे काम टाकणे किंवा दुसऱ्याचे टाकणे एवढाच पर्याय उरतो. म्हणून ह्या पद्धतीत कुलूप अपरिहार्य आहे : सबव्हर्जनमध्ये `svn:needs-lock`, परफोर्समध्ये `+l` प्रकार, एलएफएसमध्येही तशी सोय आहे. कुलूप न लावता ही पद्धत चालवणे म्हणजे एका वहीत दोन कारकुनांनी एकाच वेळी लिहिणे होय.

तिसरी पद्धत युएसडीने सुकर केली. तीत दृश्य कोणत्याही आवृत्तीशी थेट बांधलेले नसते; मध्ये एक छोटी, डोळ्यांनी वाचता येणारी फाइल असते, आणि चालू आवृत्ती कोणती एवढेच ती सांगते :

```
#usda 1.0
(
    defaultPrim = "vrundavan_a"
)
def Xform "vrundavan_a" (
    prepend references = @./publish/v003/vrundavan_a.usdc@
)
{
}
```

`v003` चे `v002` केले की सर्व दृश्यांत जुने वृंदावन परत येते, आणि हा बदल एका ओळीचा असल्याने त्याची नोंद, तपासणी आणि माघार सर्व सोपे होते. आपल्या महसुली दप्तरात सातबाऱ्यावर आजची स्थिती दिसते आणि फेरफाराच्या वहीत ती कशी आली ह्याचा क्रम राहतो; त्याच धर्तीची ही विभागणी आहे.

पद्धत कोणतीही असो, दृश्याने ठरावीक आवृत्तीला चिकटून राहावे की नेहमी ताजी घ्यावी हा निर्णय टळत नाही. ताजी घेण्यात लाभ असा, की दुरुस्ती एका रात्रीत सर्वत्र पोहोचते. आणि धोका नेमका तोच, की चूकही एका रात्रीत सर्वत्र पोहोचते. आमच्या वृंदावनाची तिसरी आवृत्ती ठेवली तेव्हा सर्व शॉट ताजे रूप घेत होते. कोनाडा अधिक खोल करताना घडवणाऱ्याने वस्तूचा मूलबिंदू तळाच्या मध्यावरून उचलून आकृतीच्या मध्यावर नेला होता. त्याच्या पडद्यावर आकृती हलली नाही, छोट्या चित्रातही फरक दिसला नाही, नाव तेच, मार्ग तोच. दुसऱ्या दिवशी प्रकाशयोजना करणारी मुलगी माझ्या मेजाशी येऊन म्हणाली, “सर, वृंदावन निम्मं जमिनीत गेलंय. हे असंच हवंय का?” वृंदावनाची उंची १.२ मीटर होती, आणि प्रत्येक दृश्यात ते मूलबिंदूच्या आधारे जमिनीवर ठेवलेले असल्यामुळे बरोबर साठ सेंटिमीटर खाली गेले होते.

ह्या प्रसंगाने आवृत्तीच्या अंकाचा अर्थ आम्हांला शिकवला. बदलाचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात वस्तू घेणाऱ्याने जे गृहीत धरले आहे ते अबाधित राहते : रंग सुधारला, कोनाडा खोल केला, टेक्स्चर स्वच्छ केले. दुसऱ्या प्रकारात ते गृहीत मोडते : मूलबिंदू, माप, दिशा, हाडांची नावे, मटेरियलांची नावे, अथवा ज्या आकृतीवर साठवलेली हालचाल शिरोबिंदूंच्या क्रमाने लावली जाते तिच्यातील तो क्रम. पहिल्या प्रकाराला पुढचा अंक द्यावा. दुसऱ्याला नवे अक्षर द्यावे : `vrundavan_b`. मग जुनी दृश्ये `a` वरच शांतपणे राहतात, आणि ज्याला नवे हवे तो जाणूनबुजून `b` घेतो. अंक म्हणजे ‘बेधडक घ्या’, अक्षर म्हणजे ‘पाहून घ्या’, हा करार सर्वांना ठाऊक झाला की ताजे रूप घेण्याचा धोका बहुतांशी सरतो. आणि हा करार मोडला जात आहे की नाही हे माणसाच्या शब्दावर न सोडता, पब्लिश करण्यापूर्वी प्रत्येक वस्तू एका ठरलेल्या कसोटीच्या दृश्यात लिंक करून पाहावी : एक मीटरच्या चौकटींची जमीन, शेजारी १७० सेंटिमीटर उंचीची उभी मनुष्याकृती, आणि मागील आवृत्ती बाजूला. मूलबिंदूची आणि मापाची चूक तेथे एका दृष्टिक्षेपात उघडी पडते.

एक सूक्ष्म दोष मात्र ह्या कसोटीतूनही निसटतो. `publish/v001` मधील फाइलीला कोणी हात लावला नाही, पण ती ज्या टेक्स्चरवर टेकलेली आहे ते त्याच नावाने पुन्हा लिहिले गेले, तर पहिली आवृत्ती नावाने पहिली राहते आणि रूपाने बदलते. ज्या वर्षी जुना भाग पुन्हा रेंडर करण्याची वेळ येते, त्या वर्षी हे कळते. प्रत्येक आवृत्तीत सर्व टेक्स्चरांची प्रत ठेवणे हा सरधोपट उपाय. परंतु ४०९६ गुणिले ४०९६ मापाचे चार वाहिन्यांचे एक साधे चित्र उलगडल्यावर ६४ मेगाबाइट भरते, दाबून ठेवले तरी बरीच जागा खाते, आणि वृंदावनासारख्या वस्तूलाही अशी चार-पाच चित्रे लागतात. म्हणूनच वरील मांडणीत `tex` ला स्वतःच्या आवृत्त्या दिल्या आहेत : पब्लिशची दुसरी व तिसरी आवृत्ती दोन्ही `tex/v002` वर टेकू शकतात, पण `tex/v002` ठेवल्यानंतर त्यात अक्षराचाही बदल होत नाही. आवृत्ती अचल आहे असे म्हणायचे तर ती ज्यांवर उभी आहे तेही अचल असले पाहिजे.

५. निष्कर्ष

ह्या साऱ्या पद्धतींतून दहा-वीस माणसांच्या स्टुडिओने काय घ्यावे, ह्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. कच्च्या कामासाठी दुसरी पद्धत, म्हणजे कुलपासह सर्व्हरवरील इतिहास. देण्याघेण्यासाठी पहिली, म्हणजे अंकित आणि अचल पब्लिश. आणि जेथे युएसडी वापरात आहे तेथे दोहोंमध्ये तिसरी, म्हणजे चालू आवृत्ती सांगणारी छोटी फाइल. नावे लहान रोमन लिपीत, अधोरेषेने जोडलेली, मुक्रर यादीतून घेतलेली, फोल्डर तीन ढोबळ जातींचे, वर्गीकरण कॅटलॉगात, वर्णन मराठीत. ह्यांपैकी कशालाही विकत घेण्याच्या साधनाची गरज नाही. गरज आहे ती यादी सांभाळणाऱ्या एका माणसाची, आणि पब्लिशच्या ओसरीवर लिहिण्याचा अधिकार त्या एकालाच देण्याची.

जुना विस्कळित संग्रह असलेल्यांनी मात्र एक विनंती ऐकावी. हा लेख वाचून जुन्या फाइलींची नावे बदलू नका. त्यांवर कोणकोणती दृश्ये टेकलेली आहेत हे तुम्हांला ठाऊक नाही, आणि नाव बदलणाऱ्याच्या पडद्यावर बिघाड दिसत नसतो. जुना संग्रह आहे तसा कुलूपबंद करा, शेजारी नवा संग्रह उघडा, आणि एखादी वस्तू पुन्हा लागेल तेव्हाच ती तपासून, नव्या नावाने, `v001` म्हणून तेथे आणा. आमची तिन्ही वृंदावने जुन्या संग्रहात आजही जागच्या जागी आहेत. नव्यात एकच आले.